सामंजस्य कराराचा दोन पानी गोषवारा : कामाच्या नोंदी

काम असे. आमच्या महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाने एका संशोधन संस्थेबरोबर पाणी तपासणीची संयुक्त प्रयोगशाळा काढायचा पाच वर्षांचा सामंजस्य करार केला. करार इंग्रजीत आहे, १९ पानी, शिवाय अ, ब, क अशी तीन परिशिष्टे. विभागप्रमुखांना मराठीत दोन पाने हवी होती: कोणी काय करायचे, केव्हा करायचे, पैसा कुणाचा आणि बाहेर पडायचे झाले तर काय. असेच काम ज्यांच्या टेबलावर येईल त्यांच्यासाठी या नोंदी. कलमांचे क्रमांक आमच्या करारातले आहेत. तुमच्याकडे ते वेगळे असतील, पण खड्डे बहुधा याच जागी.

२ जून

कार्यालयातून आलेल्या वर्ड फाइलवरून काम सुरू केले. ही पहिली चूक, आणि तिने तीन तास खाल्ले. ती फाइल शेवटचा मसुदा होती, सह्या झालेला करार नव्हे. संध्याकाळी आवक-जावक विभागातून सही-शिक्क्याची स्कॅन प्रत मिळवली तेव्हा अकराव्या पानावर पेनाने खाडाखोड दिसली. नोटिशीची मुदत ६० दिवस होती, ती खोडून ९० केलेली, शेजारी दोन्ही बाजूंच्या छोट्या सह्या. वर्ड फाइलमध्ये अर्थातच अजून ६० होते.

तेव्हापासून पद्धत ठरवली. काम फक्त सही झालेल्या प्रतीवरून करायचे. आधी सगळी पाने उलटून पानांचे क्रमांक सलग आहेत का, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या छोट्या सह्या आहेत का आणि मजकुरात ज्या परिशिष्टांचा उल्लेख आहे ती खरोखर मागे जोडली आहेत का, एवढे तपासायचे. आमच्या पहिल्या स्कॅनमध्ये परिशिष्ट क नव्हतेच. पैशांची आणि यंत्राच्या मालकीची सगळी गोम त्यातच होती, हे पुढे कळले.

३ जून

पहिला मसुदा दुपारपर्यंत तयार झाला. कराराच्या क्रमानेच लिहिला होता: उद्देश, व्याप्ती, सहकार्याची क्षेत्रे, समिती, गोपनीयता, आणि असेच पुढे. वाचायला सुबक. विभागप्रमुखांनी तो वाचून एकच प्रश्न विचारला, "मग आपल्याला या महिन्यात काय करायचंय?" उत्तर त्या दोन पानांत कुठेच नव्हते.

कारण उघड आहे. करार वकिलाच्या सोयीने रचलेला असतो. एकाच कामाचा धागा चार ठिकाणी विखुरलेला असतो: मूळ कलमात काम, परिशिष्टात खर्च, व्याख्येत मुदत आणि शेवटच्या 'संकीर्ण'मध्ये अपवाद. क्रम तसाच ठेवला की धागाही तुटका राहतो. मसुदा बाजूला टाकला.

४ जून

कराराची छापील प्रत घेऊन फक्त क्रियापदांवर खुणा केल्या. 'शॅल' असेल तिथे लाल, म्हणजे हे करावेच लागणार. 'मे' असेल तिथे हिरवा, म्हणजे मुभा आहे, बंधन नाही. 'विल एंडेव्हर' किंवा 'बेस्ट एफर्ट्स' असेल तिथे पिवळा, म्हणजे प्रयत्न करू, पण झाले नाही म्हणून कुणाला पकडता येणार नाही. पहिल्या मसुद्यात या तिन्हींचे मराठी सरसकट 'करेल' असे केले होते. संस्था 'वर्षाला दोन प्रशिक्षणे घेईल' असे त्यात लिहिले होते, ते वाक्य पिवळे निघाले. विभागप्रमुख त्या भरवशावर वेळापत्रक लावणार होते. आता गोषवाऱ्यात 'करेल', 'करू शकेल' आणि 'प्रयत्न करेल' असे तीनच शब्दप्रयोग ठेवले आहेत आणि ते आपापसात कुठेही बदललेले नाहीत.

लाल वाक्ये ४१ निघाली. त्यांतल्या १४ वाक्यांत कर्ताच नव्हता. 'प्रयोगशाळेची देखभाल केली जाईल', 'नोंदी ठेवल्या जातील'. कुणी करायची, कुणी ठेवायच्या? मराठीत कर्मणी प्रयोग इतका सहज बसतो की भाषांतर करताना कर्ता गायब आहे हे लक्षातही येत नाही. त्यामुळे गोषवाऱ्याची प्रत्येक ओळ 'महाविद्यालय', 'संस्था' किंवा 'दोघे मिळून' यांपैकी एकाने सुरू करायची, असा नियम केला. ज्या वाक्याला कर्ता सापडेना ते तसेच वेगळ्या कागदावर उतरवले.

५ जून

कर्ता नसलेल्या १४ वाक्यांची छाननी. नऊ वाक्यांचा कर्ता परिशिष्ट ब मध्ये सापडला. दोन वाक्ये एकाच कामाची पुनरुक्ती होती. उरलेली तीन खरोखर मोकळी आहेत.

सर्वांत महागाचे उदाहरण यंत्राचे. प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफ येणार आहे, पाण्यातले फ्लोराइड, नायट्रेट, सल्फेट मोजायला. मूळ कलम म्हणते, चालू खर्च दोघे वाटून घेतील. परिशिष्ट ब म्हणते, रसायने आणि काचसामान महाविद्यालयाचे, सुटे भाग संस्थेचे. दोन्हींत विरोध आला की कोणते चालेल? याचे उत्तर कलम १८.३ मध्ये मिळाले: आर्थिक बाबतीत परिशिष्टातला मजकूर वरचढ. म्हणजे 'वाटून घेतील' हे गोषवाऱ्यातून गेले. असे प्राधान्याचे कलम प्रत्येक करारात असेलच असे नाही. पण असले तर ते सर्वांत आधी शोधा, कारण बाकीचे वाचन त्याच्यावर उभे राहते.

तरी एक वस्तू अधांतरीच राहिली, ती म्हणजे यंत्राचा कॉलम. नमुने त्यातून जातात, तो वापराने खराब होतो आणि बदलावाच लागतो. किंमत लाखाच्या आसपास. तो रसायनांसारखा संपणारा माल म्हणायचा की सुटा भाग? करार गप्प आहे. हमीची मुदत संपल्यावर वार्षिक देखभाल करार कुणी करायचा, यावरही गप्प. इथे आपल्या मनाने अर्थ लावायचा मोह होतो. सुटा भागच म्हणायचा, संस्था देईल, असे एकाने सुचवलेही. तसे लिहिले असते तर ते विभागप्रमुखांच्या तोंडून बैठकीत आले असते आणि समोरच्यांनी कलम मागितले असते. म्हणून सरळ लिहिले: 'ठरलेले नाही. संस्थेला लेखी विचारावे.' अशा तीन बाबी गोषवाऱ्यात वेगळ्या चौकटीत आहेत. त्या दोन पानांतली ही चौकटच सगळ्यांत कामाची ठरली.

६ जून

मुदती. आजचा दिवस वाया गेला असे सकाळी वाटले होते. संध्याकाळी कळले की सगळ्यांत मोठी गोष्ट आजच सापडली.

पहिल्या मसुद्यात सगळ्या तारखा १४ मार्चपासून मोजल्या होत्या, कारण आमच्या प्राचार्यांची सही त्या दिवशीची आहे आणि पहिल्या पानावरही तीच तारीख छापलेली आहे. पण कलम २ प्रमाणे करार शेवटच्या सहीपासून लागू होतो, आणि संस्थेची सही २ एप्रिलची. यंत्र 'सहा महिन्यांत' बसवायचे आहे. ही मुदत १४ सप्टेंबर नव्हे, २ ऑक्टोबर. तो गांधी जयंतीचा सुटीचा दिवस, म्हणून गोषवाऱ्यात १ ऑक्टोबर लिहिली.

मग ती तारीख धरून उलटे मोजत गेलो. पुरवठादाराच्या दरपत्रकात पुरवठ्याला दहा आठवडे आहेत आणि बसवायला एक आठवडा. म्हणजे खरेदी आदेश उशिरात उशिरा १६ जुलैला निघायला हवा. परिशिष्ट क प्रमाणे पैसे खात्यात येण्याआधी केलेला खर्च मान्य होणार नाही, म्हणजे १६ जुलैच्या आत पहिला हप्ता हातात हवा. आणि हप्ता आपोआप येत नाही. महाविद्यालयाने बँक तपशील आणि आगाऊ पावती जोडून मागणीपत्र पाठवायचे, त्यानंतर संस्था ३० कामकाजाच्या दिवसांत पैसे देईल.

मागणीपत्र गेले का? गेलेच नव्हते. करार होऊन दोन महिने लोटले होते आणि दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत होत्या.

कामकाजाचे दिवस म्हणजे किती, तेही तपासले. संस्थेचा आठवडा पाच दिवसांचा, म्हणजे ३० दिवसांना सहा आठवडे. आज पत्र गेले तरी १८ जुलै, तेही मध्ये सुटी आली नाही तर. म्हणजे आत्ताच दोन दिवस उशीर झालेला. मागणीपत्र दुपारी चारला गेले. सोबत कलम ६.४ खाली मुदतवाढीचे पत्रही तयार केले. संयुक्त समिती ही मुदत लेखी ठरावाने तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, पण मुदत संपण्याआधी ठराव व्हायला हवा.

मुदती लिहिताना यापुढे प्रत्येक तारखेशेजारी 'कशामुळे सुरू होते' हा रकाना ठेवायचा. 'पहिला हप्ता: ३० दिवस' ही ओळ खरी असूनही निरुपयोगी होती. 'पहिला हप्ता: आपण मागणीपत्र दिल्यावर ३० कामकाजाचे दिवस' ही ओळ कामाची.

९ जून

पैसा. पहिल्या मसुद्यात मोठ्या अक्षरात '४८ लाखांचा निधी' असे लिहिले होते. हा आकडा कराराच्या प्रस्तावनेत आहे, तोही 'अंदाजे' म्हणून. प्रस्तावना हेतू सांगते, देणे-घेणे ठरवत नाही. परिशिष्ट क उघडून आकडा फोडला. संस्थेचे रोख १८ लाख, एकदाच, यंत्रासाठी. उरलेले ३० लाख म्हणजे आमचीच जागा, वीज आणि एका प्रयोगशाळा सहायकाचा पगार, वर्षाला ६ लाख किंमत धरून पाच वर्षांचे. म्हणजे ४८ पैकी ३० लाख आमच्याच खिशातले. गोषवाऱ्यात आता '४८' हा आकडा फक्त एकदा येतो, तोही हा फोड दाखवायला.

दुसरे, १८ लाख ही संस्थेच्या वाट्याची कमाल मर्यादा आहे आणि कर महाविद्यालयाने भरायचा आहे. यंत्राची किंमत दरपत्रकात १८ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ लाख २४ हजार. एवढी रक्कम महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात कुठेच धरलेली नव्हती. लेखापालांना हे गोषवाऱ्यातून कळले, ते काही फार खूश झाले नाहीत.

तिसरे, हप्ते. ६० टक्के म्हणजे १० लाख ८० हजार आधी, ४० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार नंतर. दुसऱ्या हप्त्याची अट म्हणजे पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र. संस्थेचा पैसा केंद्र सरकारच्या अनुदानातला असल्याने परिशिष्टात जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ चा आणि नमुना १२-अ चा उल्लेख आहे. त्यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. रक्कम स्वतंत्र बचत खात्यात ठेवायची, आणि त्यावरचे व्याज आपले नाही, ते परत भरायचे. महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खात्यात पैसे मिसळले तर व्याज वेगळे काढता येत नाही, मग प्रमाणपत्र अडते आणि दुसरा हप्ताही. पुरवठादाराला पूर्ण रक्कम एकदम हवी असेल तर मधले ७ लाख २० हजार कुणी फिरवायचे, हा प्रश्न विभागप्रमुखांसाठी चौकटीत टाकला.

१० जून

बाहेर पडण्याच्या अटी. पहिल्या मसुद्यात एकच ओळ होती: '९० दिवसांच्या नोटिशीने कोणताही पक्ष करार संपवू शकतो.' कलम १४ चे हे बरोबर भाषांतर आहे, पण विभागप्रमुखांना चुकीचे चित्र देणारे. 'समाप्ती' हे कलम फक्त दार कुठे आहे ते सांगते. दारातून जाताना काय मोजावे लागेल ते इतरत्र असते. शोधायला सोपी युक्ती म्हणजे संपूर्ण करारात 'टर्मिनेशन', 'एक्स्पायरी', 'सर्व्हाइव्ह', 'रिटर्न' आणि 'रिफंड' हे शब्द शोधणे. स्कॅन प्रतीत शोध चालत नाही, म्हणून या एका कामापुरती जुनी वर्ड फाइल वापरली आणि सापडलेले प्रत्येक वाक्य सहीच्या प्रतीशी ताडून घेतले.

सापडले ते असे. यंत्र बसवल्यापासून तीन वर्षांच्या आत आपण बाहेर पडलो तर यंत्र संस्थेला परत, उतरवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च आपला. तीन वर्षांनंतर ते आपले. न खर्चलेली रक्कम व्याजासह ३० दिवसांत परत. प्रबंधाचे काम चालू असलेल्या विद्यार्थ्यांना दोघांनीही काम पुरे होईपर्यंत प्रयोगशाळा वापरू द्यायची, करार संपला तरी. गोपनीयता आणखी तीन वर्षे चालू. आणि दुसऱ्या बाजूने अटी मोडल्या म्हणून करार संपवायचा असेल तर आधी ३० दिवसांची सुधारणेची संधी द्यायची.

नोटीस नोंदणीकृत टपालाने आणि संस्थेच्या संचालकांच्या पदनामाने पाठवायची आहे. ईमेल चालत नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन केले. त्यामुळे करारातल्या त्या शब्दाखाली आता नेमके काय पाठवायचे, हे संस्थेकडून पत्राने मान्य करून घ्यावे, असा शेरा टाकला. तोवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट आणि शिवाय हातपोच प्रत.

मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची, पाठवल्यापासून नाही. याचा फरक दाखवायला गोषवाऱ्यात एक उदाहरण घातले. १ जानेवारीला पाठवलेली नोटीस ५ जानेवारीला पोचली तर ९० दिवस ५ एप्रिलला संपतात. म्हणजे करार नव्या आर्थिक वर्षात शिरला, आणि पाच दिवसांसाठी आणखी एका वर्षाचे हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागे लागले. ३१ मार्चला मोकळे व्हायचे असेल तर नोटीस ३१ डिसेंबरपर्यंत त्यांच्या हातात हवी. विभागप्रमुखांनी हे उदाहरण पेन्सिलीने चौकटीत घेतले. आतापर्यंतच्या मजकुरात त्यांनी खूण केलेली ही पहिलीच जागा.

११ जून

करार बंधनकारक आहे का? कलम १७ म्हणते, नाही, फक्त गोपनीयता, बौद्धिक संपदा आणि तंटा निवारण ही कलमे बंधनकारक. मग पैसे परत करायची अट? ती परिशिष्ट क मध्ये आहे, आणि त्या परिशिष्टावर दोन्ही बाजूंच्या स्वतंत्र सह्या आहेत, वर 'आर्थिक करारपत्र' असे शीर्षक. भारतीय कायद्यात कागदाच्या शीर्षकावरून बंधन ठरत नाही, मजकूर आणि पक्षांचा हेतू पाहतात. त्यामुळे 'सामंजस्य करारच तर आहे' या समजुतीवर पैशांच्या बाबतीत विसंबता येणार नाही. याहून पुढे गेलो नाही. हे मत देणे आमचे काम नव्हे. गोषवाऱ्यात दोन्ही कलमे शेजारी लिहिली आणि 'विधी सल्लागारांचे मत घ्यावे' असे नोंदवले.

१२ जून

उलट तपासणी. गोषवाऱ्याच्या प्रत्येक ओळीशेवटी कलम आणि पान लिहिले होते. विभागातल्या एका सहकाऱ्याला, ज्याने यात काहीच केले नव्हते, फक्त मूळ करार आणि गोषवारा दिला. सांगितले, प्रत्येक ओळ खोटी ठरवायचा प्रयत्न कर. दीड तासात दोन चुका सापडल्या. संयुक्त समितीची बैठक आम्ही 'दर सहा महिन्यांनी' लिहिली होती. करारात 'वर्षातून किमान दोनदा' आहे, म्हणजे दोन्ही बैठका एका महिन्यात झाल्या तरी चालतात. आणि नूतनीकरण 'सहा महिने आधी कळवल्यास होईल' असे लिहिले होते. खरे तर कळवल्यावर 'दोघांची लेखी संमती झाल्यास' होईल.

भाषेचीही एक गडबड त्यानेच पकडली. एका ओळीत 'प्रथम पक्ष' राहून गेला होता. कराराच्या पहिल्या पानावर प्रथम पक्ष संस्था आहे, पण वाचणाऱ्याला ते आपण वाटतो. गोषवाऱ्यात पक्षांचे क्रमांक ठेवूच नयेत.

१३ जून

अंतिम प्रत दिली. पान एकच्या डोक्यावर पुढच्या ९० दिवसांत आपल्याला करायच्या पाच गोष्टी तारखेनिशी, मग जबाबदाऱ्या, मग पैसा. पान दोनवर मुदती, बाहेर पडण्याच्या अटी आणि 'ठरलेले नाही'ची चौकट. उद्देश, व्याप्ती, लोगोचा वापर आणि प्रसिद्धीची कलमे वगळली, आणि ती वगळली आहेत हे तळाला एका ओळीत सांगितले, म्हणजे विभागप्रमुखांना वाटू नये की करारात ती नाहीतच.

एकूण वेळ २३ तास. त्यांतले तीन चुकीच्या प्रतीपायी आणि पाच फेकलेल्या मसुद्यापायी गेले. मुदतवाढीचे पत्र आज संयुक्त समितीच्या सचिवांकडे पोचले. कॉलम आणि देखभाल कराराबद्दलचे पत्र विभागप्रमुखांच्या सहीसाठी टेबलावर आहे.